मागेपुढे काका आणि न बसवलेला स्टेंट

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर असणार, पण हजेरीपट बघायला जातो कोण? सगळं इस्पितळ त्यांना मागेपुढे काका म्हणतं. झाडूवालीपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत. एकदा पगाराच्या पाकिटावरही तेच छापून आलं, आणि काकांनी तक्रार केली नाही. नाव लक्षात राहिलं की पाकीट हरवत नाही, एवढंच म्हणाले.

काका कॅथलॅबचे तंत्रज्ञ. मनगटातून बारीक नळी सरकवत हृदयापर्यंत नेतात, नळीतून रंग सोडतात आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांची एक्स-रेवर हलती फिल्म काढतात, ती खोली म्हणजे कॅथलॅब. डॉक्टर टेबलाशी उभे, काका काचेमागे बसलेले. फिल्म निघाली की पहिल्यांदा डॉक्टर बघतात, आणि मग काका बघतात. ते बघणं असं की पुढे चालवायची, थांबवायची, मागे न्यायची, पुन्हा पुढे. एकेका रक्तवाहिनीला सात-आठ फेऱ्या. डॉक्टर कंटाळतात, सिस्टर जांभया देतात, काकांचं बोट काही थांबत नाही.

घरीही हीच तऱ्हा. टीव्हीवर मालिकेतल्या सासूने दार आपटलं की काका रिमोटने मागे जातात आणि तिला पुन्हा दार आपटायला लावतात. म्हणतात, "बघ, आवाज आधी आला, दार नंतर हललं." काकू शांतपणे म्हणतात, "एवढं बारकाईने माझ्याकडे बघितलं असतंत, तर मी मार्चमध्ये चष्मा बदलला ते ऑगस्टच्या आत कळलं असतं."

आता कॅथलॅबमध्ये आणखी दोन गोष्टी होत्या, त्या आधी सांगून ठेवायला हव्यात. एक म्हणजे काकांचा शिशाचा एप्रन. किरणांपासून वाचायला घालतात तो, घोड्याच्या खोगिरासारखा जड. त्याचा खांद्याचा पट्टा दोन वर्षांपूर्वी उसवला होता. काकांनी तीनदा अर्ज केला. तिन्ही वेळा उत्तर आलं, 'विषयाचा दर्जावाढीशी संबंध नाही.' तेव्हापासून तो पट्टा दोन सेफ्टी पिनांच्या भरवशावर होता.

दुसरी गोष्ट म्हणजे भिंतीवरचं घड्याळ. हे वेळ दाखवत नसे, धाक दाखवत असे. मोठा हार्ट अटॅक आलेला माणूस इस्पितळाच्या दारातून आत आला की हे सुरू होई, आणि बंद रक्तवाहिनीत फुगा फुगवला की काकांनी संगणकाच्या फॉर्मवर नोंद करायची, मग ते थांबे. नव्वद मिनिटांच्या आत असेल तर आकडे हिरवे, वर गेले की लाल. मूळ कल्पना चांगलीच, रक्तवाहिनी बंद असली की मिनिटामिनिटाला हृदयाचा स्नायू मरतो, तिथे घाई हवीच. पण चांगली कल्पना ऑफिसात पोचली की ती बाळसं धरते. इस्पितळाने एक दर्जासाहेब नेमला. हा गृहस्थ पेशंट कसा आहे असं कधीच विचारत नसे. दारातून डोकं आत घालून विचारी, "हिरवा की लाल?"

लाल झालं की सगळ्यांना मीटिंग. म्हणून लाल होऊ नये याची सर्वांत जास्त काळजी घेत ते सुसाट डॉक्टर. हेही टोपणनावच. हात असा की फुगा ज्यावरून सरकवतात ती बारीक तार रक्तवाहिनीत सुतासारखी सरळ जाई. वय चाळिशीच्या आतलं, माणूस वाईट नाही, पण थांबणं हा प्रकार त्यांनी बहुधा शाळेतच सोडून दिलेला. लिफ्ट यायला वेळ लागला तर बटण पाच वेळा दाबणारे.

त्या दिवशी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी घड्याळ सुरू झालं.

आत आली ती एकोणचाळीस वर्षांची शिंपीणबाई. एका दुकानात कोट-गणवेशांचं काम करायची. सकाळी नवऱ्याबरोबर शिलाईचं लोखंडी यंत्र वरच्या मजल्यावर चढवलं, आणि शेवटच्या पायरीवर छातीत कळ आली. गल्लीतल्या डॉक्टरांनी नाडी न बघताच पित्ताची बाटली दिली आणि सांगितलं, "या वयात बायकांना हार्टचं काही नसतं, टेन्शन घेऊ नका." टेन्शन घेऊ नका हे औषध फुकट असतं, म्हणून डॉक्टर ते सढळ हाताने वाटतात. बाईंनी बाटली घेतली, टेन्शन घेतलं नाही, तरी दुपारी कळ पुन्हा आली, डावा हात जड झाला आणि घामाने ब्लाउज भिजला. मग नवरा सरळ इथे घेऊन आला. इथे कार्डिओग्राम काढला, तो हार्ट अटॅकचा. ना सिगरेट, ना साखर, ना रक्तदाब, ना घराण्यात काही. कॅज्युअल्टीतल्या पोराने कार्डिओग्राम उलटासुलटा करून बघितला, दोन्हीकडून अटॅकच दिसला.

पंचावन्नाव्या मिनिटाला बाई टेबलावर होत्या. जागीच असतात माणसं या कामात, फक्त मनगट बधिर करतात. रंग सोडला, फिल्म निघाली. हृदयाच्या पुढच्या बाजूने उतरणारी मोठी वाहिनी वरच्या भागात छान रुंद होती, आणि मध्यापासून एकदम बारीक होऊन शेवटपर्यंत सुतळीसारखी गेली होती.

"लांबलचक ब्लॉक आहे," सुसाट डॉक्टर म्हणाले. "दोन स्टेंट लागतील, कदाचित तीन. मोठे काढा."

स्टेंट म्हणजे बारीक जाळीची नळी. फुग्यावर चढवून आत नेतात, फुगवतात, आणि ती वाहिनीला आतून टेकू देऊन बसते.

मोठ्या सिस्टरनी कपाट उघडलं. भिंतीवर बासष्ट, हिरवे.

काकांचं बोट तेवढ्यात कामाला लागलेलं होतं. पुढे, मागे. पुढे, मागे. तिसऱ्या फेरीला त्यांनी फिल्म थांबवली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"साहेब," ते माइकमधून म्हणाले, "हृदयाच्या बाकीच्या नळ्या बघितल्यात का? घासूनपुसून ठेवलेल्या ताटासारख्या आहेत. कुठे एक ओरखडा नाही."

"तरुण आहे ती, काका."

"तेच म्हणतो. तरुण आहे, बाकी सगळं स्वच्छ आहे, आणि एकाच ठिकाणी अर्धी नळी आक्रसलीय. कडाही गुळगुळीत. चरबी अशी एकसारखी साचत नाही. ती खडबडीत बसते, इथे थोडी, तिथे थोडी."

"नळीला पेटका आला असेल. नायट्रो देऊन बघू." पेटक्याने आवळलेली वाहिनी नायट्रोच्या औषधाने सैल पडते. औषध दिलं, पुन्हा रंग सोडला. वरची नळी जराशी फुलली. सुतळी होती तशीच सुतळी.

"बघा, पेटका नाही. ब्लॉकच आहे. तार द्या," डॉक्टर म्हणाले. घड्याळ सहासष्टवर. दारात दर्जासाहेबांचं डोकं आलं, आकडा बघून मान डोलावून गेलं.

आता काचेमागचा माणूस डॉक्टरला, 'तुम्ही करू नका,' असं म्हणू शकत नाही. म्हणायचा हक्क नाही, आणि म्हटलं तरी ऐकणारा तयार असतोच असं नाही. पण काकांच्या संगणकात एक कप्पा होता, 'पुन्हा बघा' नावाचा. बारा वर्षांपूर्वीची एक फिल्म त्यात पहिलीच होती. काकांनी ती टेबलाशेजारच्या दुसऱ्या पडद्यावर लावली आणि एका चित्रावर थांबवली.

डॉक्टरांचा हात तारेवर तसाच राहिला. दोन पडद्यांवर दोन फिल्मा. जुळ्या बहिणी असाव्यात तशा. वर रुंद, मग एकदम बारीक, बारीकच.

"ही कुणाची?"

"बारा वर्षांपूर्वीची, साहेब. एक शिक्षिका होत्या, पस्तिशीच्या. हे पहिला फुगा फुगवायच्या आधीचं चित्र आहे."

"मग?"

"पुढे चालवू?"

काकांनी पुढे चालवली. पहिला स्टेंट बसला, आणि त्याच्या खालची चांगली नळी बंद झाली. खाली दुसरा बसवला, तर वरचा भाग आवळला. वर तिसरा बसवला, तेव्हा बारीकपणा सरकत सरकत अगदी नळीच्या उगमापाशी पोचला. चौथ्या वेळी बसवायला काही उरलंच नव्हतं. पुढची फिल्म नव्हती, कारण पुढे त्या शिक्षिका ऑपरेशन थिएटरात होत्या, छाती उघडून. वाचल्या. अजून दर सहा महिन्यांनी तपासणीला येतात. बाहेरच्या बाकावर बसून काकांशी हवापाण्याच्या गप्पा मारतात आणि चार पायऱ्या चढून थांबतात. काका त्यांच्याशी बोलताना कधीही फार वर बघत नाहीत.

मग टेबलावरून बारीक आवाज आला, "डॉक्टर, माझं काय करायचं ठरतंय?"

इथे डॉक्टरांच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. त्यांना हे सगळं माहीत होतं. पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत त्यावर पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. फक्त त्या परीक्षेत भिंतीवर घड्याळ नव्हतं. त्यांनी तार खाली ठेवली.

"छातीत दुखतंय का आता?"

"मघाशी दहा आणे होतं, आता दोन आणे."

डॉक्टरांनी रंगाची फिल्म पुन्हा बघितली. नळी बारीक होती, पण रंग टोकापर्यंत न अडखळता जात होता. रक्तदाब बरा, ठोके नियमित. "सकाळी काही जड उचललं होतंत?"

"शिलाई मशीन. पायासकट."

डॉक्टरांनी काचेकडे न बघता म्हटलं, "काका, तो पडदा बंद करा. सिस्टर, कपाट बंद. रक्त पातळ ठेवणारं ते हेपॅरिन पुढे चालू ठेवू नका. आपण आत काही घालणार नाही. मनगटातली नळी हळूच काढतो." आणि सुसाट डॉक्टरांनी आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट हळू केली. ती नळी काढताना त्यांचा चेहरा झोपलेल्या पोराखालून हात काढणाऱ्या आईसारखा होता.

मोठ्या सिस्टर पुटपुटल्या, "आणि घड्याळ?"

घड्याळाचा प्रश्न खराच होता. फॉर्ममध्ये 'फुगा फुगवल्याची वेळ' भरल्याशिवाय ते थांबत नसे. 'स्टेंटची संख्या' या चौकटीत एक ते सहा एवढेच आकडे बसत. शून्य टाकलं की फॉर्म लाल होऊन म्हणे, 'कृपया योग्य संख्या भरा.' काकांनी दोनदा शून्य भरलं, दोनदा फॉर्मने त्यांना शहाणपण शिकवलं. मग काकांनी फॉर्म तसाच उघडा ठेवला. जे केलं नाही ते लिहायचं नाही, एवढी एक शिस्त त्यांना गावच्या शाळेतल्या गुरुजींच्या छडीने लावली होती.

घड्याळ चालतच राहिलं. नव्वद झाले. लाल झालं.

खरी लढाई मात्र बाहेर होती. तिथे नवरा भिंतीला टेकून उभा होता, आणि बाकाच्या मधोमध सासरे बसले होते. सासऱ्यांना गल्लीत तीनवाले आजोबा म्हणत, कारण त्यांच्या हृदयात तीन स्टेंट होते. ही पदवी त्यांनी स्वतःच घेतलेली. त्या स्टेंटचं कार्ड इस्पितळाने दिलेलं, ते त्यांनी लॅमिनेट करून पाकिटात अशा जागी ठेवलं होतं की सुटे काढतानासुद्धा समोरच्याला दिसावं. बागेतल्या बाकावर दोनवाले, एकवाले असे त्यांचे मित्र होते, आणि चर्चेत शेवटचा शब्द तीनचाच असे.

डॉक्टरांनी सांगितलं, स्टेंट बसवलेला नाही.

आजोबांनी आधी कान पुढे केला, मग भुवया वर केल्या. "एकही नाही?"

"नाही."

"सून आहे म्हणून?"

डॉक्टरांनी लिफ्टच्या बटणाकडे बघितलं.

"नाही, स्पष्ट बोला. मला तीन, आणि तिला शून्य. लोक काय म्हणतील, म्हाताऱ्याने स्वतःचे बसवून घेतले आणि सुनेच्या वेळी हात आखडता घेतला. तीन नको, पण निदान एक तरी बसवा. बाजूचा एकवालाही तोऱ्यात फिरतो."

डॉक्टरांना आत फोन आला, म्हणजे आला असं त्यांनी दाखवलं, आणि आजोबा काकांच्या वाट्याला आले. काकांनी बाकावर त्यांच्या शेजारी बसून सुरुवात केली.

"आजोबा, तुमचं कसं होतं, सांगतो. नळाच्या पाइपात तीस वर्षं क्षार साचतो ना, तसं तुमच्या नळीत चरबी आणि चुन्याचं साचलं होतं. एक दिवस त्याची साल फुटली, वर रक्ताची गुठळी बसली, पाणी बंद. तिथे फुगा घालून तो कचरा भिंतीला दाबला आणि जाळीने धरून ठेवला. बरोबर केलं. तिच्या नळीत कचराच नाही. तिची नळी आतून फाटलीय."

"फाटली, तर ठिगळ लावा. स्टेंट म्हणजे ठिगळच की."

"भिंतीच्या थरांमध्ये रक्त शिरलंय. बाहेरून नळीला दाबतंय. दाबून..."

"अहो, मग दाबलेलं उघडायलाच तर स्टेंट असतो."

काकांची अर्धी हयात फिल्मा दाखवण्यात गेली होती. शब्दांनी दाखवायची सवय नव्हती. तासभर त्यांनी पाइप, गटार, बोगदा, सगळं वापरून बघितलं. आजोबा प्रत्येक वेळी शेवटी एकाच स्टेंटवर येऊन थांबत, आणि शेवटी म्हणाले, "ठीक. आज रात्र बघतो. सकाळी बसवला नाही तर मी तिला दुसरीकडे हलवतो. तिथे माणसाला रिकाम्या हाताने घरी पाठवत नाहीत."

म्हणजे आता सगळा प्रश्न एवढाच उरला, की सकाळपर्यंत ती नळी आणि सासरे, दोघेही जागच्या जागी राहतात का. गाडीतून नेणं, धक्के, दुसऱ्या कुणाच्या हातात नवी नळी, आणि त्या हातामागे नवं घड्याळ. काका घरी गेले, पण काकूंनी वाढलेलं ताट तसंच राहिलं. काकू म्हणाल्या, "आज टीव्ही मागे नेला नाहीत. बरं नाही का?"

सकाळी साडेआठला काका आले, तर दारात दर्जासाहेब प्रसन्न मुद्रेने उभे.

"वा काका. एक्केचाळीस. हिरवा. असंच काम हवं."

काकांनी भिंतीकडे पाहिलं. खरंच एक्केचाळीस. क्षणभर त्यांनाही कळेना. मग उमगलं. घड्याळाला तीनच आकडे. पहाट उलटून गेल्यावर ते नऊशे नव्याण्णववर पोचलं, पुढे जागा नव्हती म्हणून शून्यावर आलं आणि नव्याने हिरवं होऊन धावायला लागलं. सतरा तासांत काहीही न बसवता इस्पितळाचा दर्जा आपोआप सुधारला होता. काकांनी दर्जासाहेबांना आनंदात राहू दिलं. कुणाच्या सुखात माती कशाला कालवायची.

पण वॉर्डात सुख नव्हतं. नऊ वाजता बाईंच्या छातीत पुन्हा दुखायला लागलं. आजोबांनी टाळी वाजवली नाही, एवढंच. "सांगितलं होतं मी. गाडी बोलावतो." नवऱ्याने पहिल्यांदाच तोंड उघडलं, "बाबा, जरा थांबा," आणि लगेच मिटलं.

सुसाट डॉक्टर जिन्याने धावत आले. लिफ्टची वाट बघण्याएवढा बदल अजून झालेला नव्हता. काकांनी दारातूनच बघितलं, डॉक्टरांची बोटं चादरीवर तार फिरवल्यासारखी हलत होती. ही बोटं काका पाच-सहा वर्षं ओळखत होते. आता म्हणतील, घ्या लॅबमध्ये.

"कार्डिओग्राम काढा," डॉक्टर म्हणाले. "कालचा शेजारी ठेवा."

दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. डॉक्टरांनी पहिला पाहिला, दुसरा पाहिला, पुन्हा पहिल्यावर आले. मागे, पुढे. मोठ्या सिस्टरनी काकांकडे बघून नुसत्या भुवया उडवल्या. नवीन काही नव्हतं. रक्तदाब जरा चढलेला, ठोके जलद. डॉक्टरांनी ठोके संथ करणारी गोळी वाढवली आणि पलंगाशी स्टूल ओढून बसले. हो, बसले.

"ऐका," ते आजोबांना म्हणाले. "नळी पूर्ण बंद झाली, दुखणं थांबलंच नाही, रक्तदाब कोसळला, ठोके वेडेवाकडे झाले, किंवा मुख्य बुंध्यालाच चीर गेली, तर मी वाट बघणार नाही. तेव्हा स्टेंट किंवा ऑपरेशन, जे लागेल ते. पण रक्त वाहतंय तोवर हात लावणं जास्त धोक्याचं आहे. तार खऱ्या वाटेऐवजी फटीत शिरू शकते."

"फटीत कशी शिरेल? तुमचा हात चांगला आहे असं ऐकलंय."

काका दारात चुळबुळले. आणि तेव्हा पलंगावरून शिंपीणबाई बोलल्या, डोळे मिटूनच.

"बाबा, तुमच्या त्या राखाडी कोटाची कॉलर आठवते?"

"कोणती, फुगा आलेली?"

"तीच. कापड आणि आतलं बकरम चिकटलेलं असतं. मध्ये कुठेतरी सुटतं आणि हवा शिरते. दुकानातल्या नव्या पोराने त्यावर इस्त्री दाबली. काय झालं?"

"फुगा पुढे सरकला. टोकापर्यंत गेला. सगळी कॉलर गेली माझी."

"मी करते तेव्हा काय करते?"

"तू हात लावत नाहीस. ओलसर फडकं ठेवून बाजूला ठेवून देतेस."

"माझ्या नळीचं अस्तर सुटलंय, बाबा. आत हवेच्या जागी रक्त आहे. हे लोक इस्त्री फिरवत नाहीयेत, एवढंच."

डॉक्टर स्टुलावरून काकांकडे बघत राहिले. दहा वर्षं शिकून त्यांना जे सांगता आलं नव्हतं, आणि काकांना पाइप, गटार, बोगदा करूनही जमलं नव्हतं, ते एका कॉलरने केलं.

"आणि ते रक्त जातं कुठे?" आजोबांनी तरी विचारलंच.

"शरीर हळूहळू शोषून घेतं," डॉक्टर म्हणाले. "बहुतेकींची नळी काही आठवड्यांत, महिन्यांत आपली आपण भरून येते. आज स्टेंट घातला आणि उद्या रक्त ओसरलं, तर नळी रुंद होते आणि स्टेंट आत सैल लटकत राहतो. मापाचा नसलेला."

"सैल," आजोबांनी सुनेकडे पाहिलं. शिंप्याच्या घरात सैल हा शब्द शिवीसारखा. "मग गाडी नको," ते म्हणाले. "सैल काम आम्ही घेत नाही."

दुखणं दुपारपर्यंत ओसरलं. तरी बाईंना पाच दिवस ठेवून घेतलं, कारण पहिल्या आठवड्यात चीर वाढण्याचा धोका सर्वांत जास्त. पाच दिवस आजोबा पलंगाशी पहारा देत होते. सिस्टर ट्रॉलीवर इस्त्री केलेल्या चादरी घेऊन आली, तरी ते संशयाने बघत. आपल्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांतल्या दोन त्यांनी सुनेला प्रेमाने देऊ केल्या. डॉक्टरांनी सांगितलं, तिचं कोलेस्टेरॉल ठीक आहे, साचलेलंच काही नाही तर साफ काय करणार. आजोबांनी गोळ्या परत डबीत टाकल्या, जरा खट्टू होऊन. मानेच्या आणि मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्यांचाही स्कॅन झाला, कारण हा आजार असलेल्या कित्येक बायकांमध्ये तिथल्या भिंतीही नाजूक निघतात. बाईंच्या ठीक होत्या. घरी सोडताना सक्त ताकीद, जड उचलायचं नाही, श्वास रोखून जोर लावायचा नाही. नवऱ्याला वेगळी ताकीद, मशीन पुन्हा हलवायची झाली तर हमाल बोलवा.

घड्याळाचं काय झालं, असं कुणी विचारेल. पाच दिवस ते लाल-हिरवं, लाल-हिरवं होत फिरत राहिलं. शेवटी दुसरा अटॅकचा पेशंट आला, तेव्हा फॉर्म बंद करणं भागच पडलं. दर्जासाहेबांनी मीटिंग बोलावली. अडीच तास चर्चा होऊन ठराव झाला, की चौकटीत शून्य बसण्याची सोय करावी. या सुधारणेबद्दल दर्जासाहेबांना प्रशस्तिपत्रक मिळालं. सुसाट डॉक्टरांनी एका परिषदेत ही केस मांडली. पहिली ओळ होती, 'पहिल्याच दृष्टिक्षेपात शंका आली.' काकांनी ते छापील पान वाचलं, मागे नेलं, पुन्हा वाचलं, आणि घडी घालून खिशात ठेवलं. मात्र एवढं खरं, की त्यानंतर चाळिशीच्या आतबाहेरची बाई टेबलावर आली की डॉक्टर तार मागण्याआधी काचेकडे बघतात, आणि काहीच न बोलता थांबतात.

तीन महिन्यांनी बाई तपासणीला आल्या. या वेळी मनगटातून नळी घातली नाही, नळीच पुन्हा चीर पाडू शकते म्हणून. शिरेतून रंग देऊन सीटी स्कॅन केला. काका आपलं काम सोडून स्कॅनच्या खोलीत गेले, तिथल्या पोराला म्हणाले, "ऊठ, जरा मला बसू दे." पुढची मोठी नळी त्यांनी वरून खाली बघितली, खालून वर बघितली. वर रुंद, मध्ये रुंद, खाली हळूहळू निमुळती, जशी देवाने घातली तशी. सुतळी नव्हती. काकांनी आठवी फेरी केली, मग नववी. पोरगा म्हणाला, "काका, काही सापडलं का?"

"नाही," काका म्हणाले. "म्हणून तर बघतोय."

बाहेर आले तर बाई बाकावर आणि शेजारी आजोबा. बाकाच्या दुसऱ्या टोकाला त्या शिक्षिका बसल्या होत्या, त्यांचीही तपासणी त्याच दिवशी. काकांनी दोघींना एकदम बघितलं, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा शिक्षिकाबाईंच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाले, "तुमची फिल्म कामाला आली."

त्यांनी विचारलं नाही कशी. शेजारच्या बाईकडे बघितलं, आणि सरकून जागा करून दिली.

शिंपीणबाईंचं लक्ष मात्र काकांच्या खांद्यावर होतं. "काका, हे काय, पिना? द्या तो इकडे." पिशवीतून सुई-दोरा निघाला. एप्रन उचलायचा नाही म्हणून आजोबांनी तो मांडीवर धरला, आणि बाईंनी बसल्या जागी फक्त कापडाचा पट्टा शिवला, शिशाला धक्का न लावता. दोन वर्षांचा अर्ज दहा मिनिटांत निकाली निघाला.

बागेतल्या बाकावरची स्थिती आता पालटली होती, हे आजोबांनीच मग सांगितलं. सुनेचा आजार इतका दुर्मिळ, की डॉक्टरांनी हात लावायचं धाडस केलं नाही आणि तिने तो घरी बसून बरा केला, हे कळल्यापासून दोनवाले आणि एकवाले तिच्याबद्दलच विचारत. तीनला कुणी विचारेना. आजोबांनी पाकिटातून ते लॅमिनेट केलेलं कार्ड काढलं, एकदा उलटं केलं, एकदा सुलटं केलं, आणि काकांच्या जवळ सरकून हलक्या आवाजात म्हणाले,

"काका, डॉक्टरांना नका सांगू. पण माझे तीन काढता येतात का हो?"